सुडोकू स्पर्धेच्या बक्षिसांसाठी दुकानदाराला लिहिलेलं पत्र : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. गावाचं, क्लबचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. क्लब म्हणजे कोडी सोडवण्याची आवड असलेली पंचवीस-तीस माणसं. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ती जमतात. संस्थेची नोंदणी नाही, बँकेत खातं नाही, वर्गणी निघेल तेवढी. संयोजिका एका पतसंस्थेत नोकरी करतात. मी या क्लबचा सभासद आहे, आणि दोन्ही पत्रांचे मसुदे मी पाहिलेले आहेत.

क्लबने गावात पहिल्यांदाच खुली सुडोकू स्पर्धा घ्यायचं ठरवलं. गट तीन होते: पाचवीपर्यंतची मुलं, सहावी ते दहावी आणि खुला गट. जागा एका शाळेने दिली. छपाई आणि चहापाणी तीस रुपये प्रवेशशुल्कातून भागणार होतं. प्रश्न राहिला बक्षिसांचा. त्यासाठी गावातलं जुनं, मोठं स्टेशनरीचं दुकान गाठायचं ठरलं. दुकान बाजारपेठेच्या तोंडाशी आहे. गावातली निम्मी मुलं वह्या तिथूनच घेतात, आणि दुकानाचे मालक संयोजिकेच्या वडिलांच्या ओळखीचे.

पहिलं पत्र

पहिलं पत्र दोन पानी होतं. पहिल्या पानावर सुडोकूचा इतिहास होता, आणि तो अचूक होता: 1979 साली अमेरिकेत डेल कंपनीच्या कोड्यांच्या मासिकात ‘नंबर प्लेस’ या नावाने हे कोडं छापून आलं, 1984 मध्ये जपानच्या निकोली प्रकाशनाने ते उचललं, 2004 च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘टाइम्स’ने रोज छापायला सुरुवात केली आणि पुढच्या काही महिन्यांत ते जगभर पोचलं. 2017 ची जागतिक स्पर्धा बंगळुरूत झाली होती, हेही त्यात होतं. पुढे मुलांच्या तर्कशक्तीविषयी दोन परिच्छेद होते. विनंती दुसऱ्या पानाच्या तळाशी आली: “आपण बक्षिसांसाठी पाच ते दहा हजार रुपये किंवा यथाशक्ती साहाय्य करावे. आपल्या दुकानाचा फलक स्पर्धेच्या ठिकाणी लावण्यात येईल.”

पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात दिलं गेलं. स्पर्धा त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी होती.

अडचण कुठे होती

आठ दिवस काहीच उत्तर आलं नाही. संयोजिका दुकानात गेल्या तेव्हा काउंटरवर तीन ओळी लावून माणसं उभी होती. हातात शाळेच्या याद्या, वह्यांचे डझन मोजणं चाललेलं, आणि एक पोरगा माळ्यावरून कव्हरांचे गठ्ठे खाली टाकतोय. दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, त्यांना ओळखलं, गल्ल्यातून पाचशे एक रुपये काढले आणि म्हणाले, “ताई, पावती फाडा.”

पत्र त्यांनी वाचलेलं नव्हतं. वरचं पान चाळलं आणि ही वर्गणी आहे असं त्यांनी धरलं. त्यात त्यांचा दोष नाही. बाजारपेठेतल्या दुकानदाराकडे वर्षभर कुणी ना कुणी येतंच: शिवजयंती, गणपती, नवरात्र, सप्ताह, क्रिकेटचे सामने. त्यासाठी त्यांचा एक ठरलेला आकडा असतो. तो दिला की समोरचा माणूस जातो आणि गिऱ्हाइकाकडे बघता येतं. पत्रात वर्गणीपेक्षा वेगळं काही दिसलं नाही, म्हणून वर्गणीचाच आकडा मिळाला.

वेळही चुकली होती. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. मेच्या अखेरीपासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत स्टेशनरीवाल्याला जेवायलाही उसंत नसते. त्यांच्या वर्षाच्या धंद्याचा मोठा भाग या दिवसांत होतो. या काळात त्यांना विचार करून उत्तर द्यायला सांगणं म्हणजे नकार मागून घेणंच.

पहिला निर्णय: पाचशे एक घ्यायचे का?

संयोजिकेने ते पैसे घेतले नाहीत. “काका, आत्ता गर्दी आहे, मी जुलैत येते,” एवढंच म्हणून त्या परत आल्या. या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा क्षण हाच आहे. पैसे घेतले असते तर काकांच्या हिशेबी तो विषय संपला असता. एकदा दिलेल्या माणसाकडे त्याच कामासाठी पुन्हा जाता येत नाही.

याचा अर्थ स्पर्धा पुढे ढकलणं असा होता, आणि त्यावर क्लबमध्ये बरीच खडाजंगी झाली. काहींचं म्हणणं, बक्षिसं आपणच वर्गणी काढून देऊ. काही जण म्हणाले की पाच-सहा दुकानांतून थोडं थोडं गोळा करू. पहिल्या पर्यायात रक्कम जमली असती, पण पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न आला असता. दुसऱ्यात प्रत्येकाला फलकावर नाव हवं असतं, कुणाचं आधी आणि कुणाचं मोठं यावरून रुसवेफुगवे होतात. शिवाय पाच ठिकाणच्या वस्तूंतून तीन गटांची सारखी बक्षिसं जुळवणं अवघड. शेवटी एकच प्रायोजक ठेवायचा आणि स्पर्धा ऑगस्टच्या पहिल्या रविवारी घ्यायची असं ठरलं. त्याहून पुढे जाणं शक्य नव्हतं, कारण मग गणपतीची वर्गणी सुरू होते आणि दुकानदार पुन्हा पावतीपुस्तकांच्या गराड्यात सापडतो.

दुसरं पत्र

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुसरं पत्र गेलं. एका पानाचं, हाताने लिहिलेलं. मसुदा असा होता:

> मा. काका,
> सा. न. वि. वि.
>
> ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आमचा क्लब शाळकरी मुलं आणि मोठ्यांसाठी सुडोकू स्पर्धा घेत आहे. साठ ते ऐंशी स्पर्धक येतील असा अंदाज आहे. बक्षिसांच्या वस्तू आपल्या दुकानातून मिळाव्यात, ही विनंती.
>
> तीन गटांत प्रत्येकी तीन बक्षिसं: पहिलं 700, दुसरं 450, तिसरं 300 रुपये छापील किमतीचं. शिवाय पंधरा उत्तेजनार्थ पेनं, प्रत्येकी 30 रुपयांची. छापील किमतीने एकूण 4,800 रुपये. रोख रक्कम नको. वस्तू आपणच निवडाव्यात, यादी सोबत जोडली आहे.
>
> आमच्याकडून: प्रवेशपत्रिकेवर, प्रश्नपत्रिकेवर आणि प्रत्येक प्रमाणपत्रावर ‘बक्षिसे’ या शब्दापुढे आपल्या दुकानाचं नाव. प्रवेशपत्रिका आपल्या काउंटरवर मिळतील. निकाल लागल्यावर कुठली वस्तू कुणाला दिली याची सहीनिशी यादी आपल्याला आणून देऊ.
>
> निकाल फक्त गुणांवर लागेल. गुण देण्याची पद्धत मागच्या बाजूला लिहिली आहे.
>
> पंधरा तारखेला दुपारी तीन वाजता मी दुकानात येते. तेव्हा हो-नाही सांगितलंत तरी चालेल.
>
> आपली,
> (सही)

इतिहास आणि तर्कशक्ती यातून गेली. आली ती रक्कम, वस्तूंची यादी, उत्तराची तारीख आणि निकालाची पद्धत. दुपारी तीनची वेळही विचारपूर्वक ठरवली होती, कारण शाळा सुटायच्या आधीचा तो तास दुकानात रिकामा असतो.

रोख नको, वस्तू द्या, हा बदल दुकानदाराच्या बाजूने पाहिला की समजतो. छापील 4,800 चा माल त्यांच्या खरेदीला साधारण साडेतीन हजारांच्या आत पडतो. रोख पाच हजार म्हणजे गल्ल्यातले पाच हजार. वस्तू दिल्या की स्पर्धकांच्या हातात पाच हजारांच्या आसपासचं काहीतरी पडतं आणि दुकानाला मात्र कमी तोशीस लागते. शिवाय वस्तू त्यांच्याच दुकानातली, म्हणजे घराघरांत त्यांचाच माल जातो.

दुकानातलं बोलणं

काकांनी या वेळी पत्र पूर्ण वाचलं आणि पहिला प्रश्न केला, “ऐंशीजीची पावती मिळेल का?” क्लबची नोंदणीच नाही, त्यामुळे देणगीवर करसवलत देणारी पावती देता येणार नाही, हे संयोजिकेने सरळ सांगितलं. त्याऐवजी, वस्तू मिळाल्याचं आणि दुकानाचं नाव कुठे कुठे छापलं याचं पत्र देऊ, म्हणजे खर्च जाहिरातीखाली दाखवता येईल का हे तुमच्या हिशेबनिसांना विचारता येईल, असं त्या म्हणाल्या.

काकांनी तिथूनच हिशेबनिसांना फोन लावला. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. भेट म्हणून फुकट दिलेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे विक्रीवरच्या करातून मिळणारी वजावट, कायद्याप्रमाणे घेता येत नाही, घेतलं असेल तर उलटवावं लागतं. रक्कम मोठी नव्हती, पण काका कपाळाला आठ्या घालून बसले. संयोजिकेने यादीवर बोट ठेवलं: रंगपेटी आणि कंपासपेटीच्या जागी कोड्यांची आणि गोष्टींची पुस्तकं ठेवली तर? छापील पुस्तकांवर जीएसटीच नाही, म्हणजे क्रेडिटचा प्रश्नही नाही. अर्धी यादी तिथल्या तिथे बदलली. ही तयारी त्या घरून करून गेल्या नव्हत्या. पतसंस्थेच्या नोकरीमुळे त्यांना हे सुचलं. त्यांना ते सुचलं नसतं तर बोलणं बहुधा तिथेच अडलं असतं.

मग काकांनी त्यांची अट सांगितली. “दोनशे रुपयांच्या खरेदीवर एक कूपन देतो. कूपन असलेल्यालाच स्पर्धेत बसता येईल, आणि शेवटी कूपनांची सोडत काढून एक सायकल देऊ. सायकल माझी.”

दुसरा निर्णय: सोडत

सायकल ऐकून क्लबमधले बरेच जण खूश झाले. संयोजिकेने दोन दिवस मागितले आणि क्लबमधल्या वकील सभासदांना विचारलं. त्यांचं उत्तर नीट मांडायला हवं, कारण कोड्यांच्या स्पर्धा घेणाऱ्या फार कमी लोकांना हे माहीत असतं.

1955 सालचा बक्षीस स्पर्धांविषयीचा केंद्रीय कायदा वाचला तर त्यात अक्षरं, शब्द किंवा आकडे यांची मांडणी करून सोडवायच्या कोड्यांचा थेट उल्लेख आहे, आणि महिन्याला हजार रुपयांवरच्या बक्षिसांना त्याने बंदी घातली आहे. शब्दशः घेतलं तर सुडोकूही त्यात बसेल. त्या काळी मुंबईतून मोठमोठ्या रकमांची शब्दकोडी चालत, आणि त्यांत पुष्कळदा एकाहून अधिक योग्य शब्द बसत. संयोजकाने पाकिटात बंद केलेलं उत्तर तेच बरोबर. म्हणजे तो खेळ अंदाजाचाच. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1957 च्या चमारबागवाला खटल्यात न्यायालयाने ठरवलं की हा कायदा जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांनाच लागू आहे. जिथे यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असतं, त्या स्पर्धा त्यात येत नाहीत.

गावातल्या शाळेतली सुडोकू स्पर्धा या निकालामुळे निर्धास्त उभी राहते, पण ती कौशल्याची आहे तोवरच. खरेदीची सक्ती करून कूपन द्यायचं आणि चिठ्ठी काढून सायकल द्यायची, म्हणजे पैसे भरून नशिबावर मिळणारं बक्षीस. त्याला लॉटरी म्हणतात, आणि परवानगीशिवाय ती काढता येत नाही. वकिलांनी आणखी एक सांगितलं: प्रवेशशुल्कातला एक रुपयाही बक्षिसात जाऊ देऊ नका. शुल्क छपाईचं, बक्षीस दुकानाचं, दोन हिशेब वेगळे.

संयोजिका काकांकडे परत गेल्या आणि कायद्याचं नाव न काढता म्हणाल्या, “काका, जिंकलेल्या पोराला लोकांनी ‘तुला चिठ्ठी लागली का’ असं विचारलं तर तुमच्या बक्षिसाची काय किंमत राहील?” त्याऐवजी त्यांनी दुसरी गोष्ट देऊ केली: प्रवेशपत्रिका गावात फक्त काकांच्या काउंटरवर मिळतील, मात्र खरेदीची अट नसेल. पत्रिका घ्यायला आलेला माणूस दुकानात तर येईल. काका जरा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मान्य केलं. कायद्याचं बोलणं त्यांनी का टाळलं, असं मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, सुरुवातीलाच कायदा काढला असता तर काकांनी सायकलीबरोबर पुस्तकंही मागे घेतली असती.

फलकाचा घोळ

पहिल्या पत्रात फलक लावण्याचं आश्वासन होतं आणि काकांच्या ते लक्षात राहिलं होतं. त्यांनी आठ फुटांचा फ्लेक्स छापायलाही टाकला. मुख्याध्यापकांनी मात्र शाळेच्या आवारात दुकानाची जाहिरात चालणार नाही असं सांगितलं. शाळेची परवानगी घेताना हा विषय निघालाच नव्हता. शेवटी फ्लेक्स दुकानावरच लागला, ‘सुडोकू स्पर्धेच्या प्रवेशपत्रिका येथे मिळतील’ असा मजकूर बदलून, आणि बदलाचे पैसे क्लबने दिले. दुसऱ्या पत्रात फलकाचा शब्द नव्हता, पण तो रद्द झाल्याचंही कुठे लिहिलेलं नव्हतं. आधी दिलेलं वचन मागे घ्यायचं तर ते स्पष्ट शब्दांत लिहायला हवं.

प्रश्नपत्रिकेची तपासणी

पत्रात ‘निकाल फक्त गुणांवर’ असं लिहिलं, म्हणून प्रश्नपत्रिकेची जबाबदारी वाढली. बक्षिसावर वाद झाला तर तो दुकानाच्या नावाने गावभर फिरतो. सुडोकूत असा वाद एकाच कारणाने उद्भवतो: कोड्याला दोन उत्तरं निघणं.

लहान गटाला 6×6 ची कोडी होती, बाकीच्यांना नेहमीची 9×9 ची. सगळी क्लबमधल्या लोकांनी हाताने रचलेली. तपासणीत खुल्या गटाचं एक कोडं अडकलं. दोन ओळी, दोन स्तंभ आणि दोनच पेट्या यांत मिळून बसणारी चार घरं शेवटी रिकामी राहत होती आणि चारही घरांत फक्त 3 किंवा 8 येऊ शकत होता. एका कोपऱ्यात 3 ठेवला की तिरकस समोरच्या कोपऱ्यातही 3 आणि उरलेल्या दोन्हीत 8. अदलाबदल केली तरी ओळ, स्तंभ, पेटी यांपैकी कुठलाच नियम मोडत नाही. म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर. दिलेले आकडे भरपूर असले म्हणजे उत्तर एकच येईल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण 81 पैकी 77 घरं भरून दिली आणि उरलेली चार अशी असली, तरी उत्तरं दोनच राहतात. उलट बाजूची मर्यादा मात्र पक्की आहे. सतरापेक्षा कमी आकडे दिले तर उत्तर एकच येणं शक्य नाही, हे 2012 मध्ये डब्लिनच्या गणितज्ञांनी संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं.

उपाय सोपा होता: त्या चारांपैकी एका घरात आकडा छापून दिला. त्यानंतर प्रत्येक कोडं दोन वेगवेगळ्या सभासदांनी, रचणाऱ्याला न विचारता सोडवलं, आणि वर संगणकाच्या प्रोग्रॅमवर उत्तर एकच असल्याची खात्री करून घेतली.

निकाल

सत्तरच्या आसपास स्पर्धक आले. वरच्या दोन गटांना एका तासात पाच कोडी होती, चढत्या काठिण्याची आणि चढत्या गुणांची. सगळी बरोबर सुटली तरच उरलेल्या प्रत्येक पूर्ण मिनिटाला पाच जादा गुण. मधल्या गटात दोन मुलींचे गुण तंतोतंत सारखे आले, दोघींनी एकाच मिनिटात पेपर दिला होता. अशा वेळी काय करायचं हे पत्राच्या मागच्या बाजूला आधीच लिहिलेलं होतं: एक जादा कोडं, जी आधी बरोबर सोडवेल ती पहिली. कोडं तयार होतं, पाकिटात. सहा-सात मिनिटांत निकाल लागला, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लागला म्हणून कुणाची तक्रार आली नाही. बक्षीस द्यायला आलेले काका तोपर्यंत मुलींच्या मागे उभे राहून बघत होते.

दोन दिवसांनी संयोजिका सहीनिशी यादी घेऊन दुकानात गेल्या. काकांनी ती काचेखाली ठेवली. विक्री वाढली का, या प्रश्नाला त्यांनी खरं उत्तर दिलं: सांगता येत नाही. पत्रिका न्यायला पुष्कळ लोक आले, त्यांतल्या काहींनी पेन-वही घेतली, पण ती त्यांनी एरवीही घेतली असती.

काय वेगळं करता आलं असतं

खुल्या गटाची बक्षिसं चुकली. तिथे जिंकलेल्यांत एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना शाळकरी वस्तूंचा संच मिळाला, आणि तो त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकानातून बदलून घेतला. काकांनी बदलून दिला, पण हिशेबात गोंधळ झाला. मोठ्यांसाठी त्याच रकमेची दुकानाची खरेदी-चिठ्ठी दिली असती तर बरं झालं असतं. त्यावर शेवटची तारीख आणि ‘रोख मिळणार नाही’ एवढं छापलं की पुरे.

दुसरं म्हणजे, शाळेची परवानगी पत्राच्या आधी आणि लेखी घ्यायला हवी होती. जागेच्या मालकाला काय चालतं हे कळल्याशिवाय प्रायोजकाला काय देऊ हे लिहिता येत नाही.

विजेत्या मुलांचे फोटो काकांनी दुकानात लावायला मागितले, तेव्हा क्लबकडे पालकांची संमती नव्हती आणि घरोघरी जाऊन ती घ्यावी लागली. प्रवेशपत्रिकेवर एक ओळ आणि सहीची जागा ठेवली असती तर हे वाचलं असतं.

रकमेबद्दल क्लबमध्ये अजून एकमत नाही. काहींना वाटतं, 4,800 ऐवजी सात हजार मागितले असते तरी काकांनी दिले असते. मला तसं वाटत नाही. पहिल्या वर्षी त्यांच्यासमोर दाखवायला काहीच नव्हतं. पुढच्या वर्षीच्या पत्रात यादी, प्रमाणपत्राची प्रत आणि स्पर्धकांची संख्या जोडता येईल, आणि ते पत्र मे लागायच्या आधी द्यायचं ठरलं आहे.